साठाचे आधी शंभर कर, मग भार लाव

पहिल्यांदाच निकालपत्रक करतेयस, म्हणून सांगतो. लेखी पेपर ६० गुणांचा, त्याला ७० टक्के भार. प्रकल्प १०० पैकी, भार ३० टक्के. समज, मुलीला लेखीत ४५ आणि प्रकल्पात ८० आहेत. ४५ ला ६० ने भागून १०० ने गुण, ७५ येतात. त्यांचे ७० टक्के ५२.५, प्रकल्पाचे २४, एकूण ७६.५. थेट ४५ लाच भार लावलास तर बेरीज ५५.५ वर येते. तब्बल २१ गुण गेले, आणि पत्रकात कुठेच लाल खूण दिसत नाही!

सोलापुरात एका कॉलेजात माझ्या हातून हेच झालं होतं. सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती निघताना लक्षात आलं. तेव्हापासून मी आधी एक खोटी ओळ भरतो: लेखी ६०, प्रकल्प १००. उत्तर १०० आलं पाहिजे. ७२ आलं, तर रूपांतर राहिलंय.

```
=B2/60*100*0.7+C2*0.3
```

मधे पूर्णांक करू नकोस. लेखी ४१ चे ६८.३३ होतात, प्रकल्पात ६९ असतील तर एकूण ६८.५३, म्हणजे ६९. आधीच ६८ केलेस तर ६८.३ येऊन ६८ च राहतात. काठावरच्या मुलाला तो एक गुण फार मोठा असतो गं.

गैरहजर मुलाचा रकाना रिकामा ठेवू नकोस, त्याचा शून्य धरला जातो. तिथे AB लिही; सूत्र #VALUE! दाखवेल आणि तुझी नजर तिथे थांबेल.