पेटी, कीबोर्ड की तंबोरा? फोटोवरून ओळख

प्रश्न: फोंड्यातल्या जुन्या घरात तीन वाद्ये मिळाली. फोटोंवरून पेटी, कीबोर्ड आणि तंबोरा कसे ओळखू?

उत्तर: तिसऱ्या फोटोत भोपळा, लांब दांडी आणि चार तारा आहेत, तो तंबोरा. त्याला पट्ट्या नसतातच.

खरा घोळ पहिल्या दोघांत, कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दोघांनाही आहेत. पट्टीची कड जवळून बघा: पेटीत लाकडावर पातळ पांढरा थर चिकटवलेला दिसतो, कीबोर्डची पट्टी मात्र आतून पोकळ प्लॅस्टिकची असते. पहिल्या फोटोत पितळी पातींची रांग आहे, प्रत्येक पात एकाच टोकाला रिवेटने पक्की. तेच पेटीचे रीड. आपल्या दमट हवेत त्यांवर हिरवट गंज चढतो. तो खरवडू नका, पात झिजली की सूर बदलतो.