आईला शॉक द्यायचा म्हणतात

"मॅडम, डॉक्टर आईला शॉक द्यायचे म्हणतात. फार हाल होतील का तिचे? नंतर आम्हाला ओळखेल ना ती?"

कोथरूडच्या या ताईंची आई साठीच्या पुढची. नैराश्यावर गोळ्या चालू होत्या, पण "माझी आतडी सडलीत, अन्न वाया घालवू नका" असं म्हणत आईंनी जेवण सोडलं. पुढे पाणीही चमच्याने पाजावं लागू लागलं. नवीन गोळीचा गुण यायला निदान दोन-चार आठवडे जातात आणि तेवढी वाट बघणं त्यांच्या जिवावर बेतलं असतं. ईसीटी, म्हणजे शॉकचा हा उपचार, सुचवली ती यासाठीच. आत्महत्येचा धोका फार मोठा असेल, माणूस ताठरून निश्चल, मुका झाला असेल किंवा औषधं लागूच पडत नसतील, तेव्हाही ती देतात. साध्या उदासीवर हा उपाय नाही.

'हाल' हा शब्द ताईंच्या मनात जुन्या सिनेमांमुळे बसला होता: चौघांनी धरलेला, शुद्धीवर असलेला, ओरडणारा रुग्ण. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. उपचार सकाळी उपाशीपोटी होतो. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, ऑक्सिजन लावतात, दातांमध्ये रबरी पट्टी ठेवतात. मग डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद वीज जाते आणि मेंदूत आकडी येते. गुण येतो तो या आकडीने, ती साधारण अर्धा-एक मिनिट टिकते. स्नायू सैल असल्याने बाहेर फारसं काही दिसत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी ते औषध देण्याआधी एका घोट्यावर बीपीचा पट्टा घट्ट फुगवतात. औषध त्या पावलात पोचत नाही आणि आकडी किती वेळ चालली ते पावलाच्या हालचालीवरून मोजता येतं. रुग्णाला यातलं काहीच कळत नाही. जाग आल्यावर डोकं दुखतं, जबडा अवघडतो, तासभर गोंधळल्यासारखं होतं.

स्मृतीबद्दल मी ताईंना खोटा दिलासा दिला नाही. उपचार चालू असताना नवं लक्षात राहणं कमी होतं, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. उपचाराच्या आसपासच्या आठवड्या-महिन्यांच्या आठवणी मात्र पुसट होतात, काही परत येतही नाहीत. माणसं ओळखू न येण्याची भीती मात्र सहसा खरी ठरत नाही.

आठवड्यातून दोनदा, असे एकूण आठ उपचार झाले. तिसऱ्यानंतर आईंनी स्वतःहून चहा मागितला. त्या वर्षीचे घरचे गणपती त्यांना आजही आठवत नाहीत आणि ती हळहळ त्या बोलूनही दाखवतात.

ईसीटीने बरं वाटलं तरी आजार उलटू शकतो, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून गोळ्या चालूच आहेत. पहाटे तीनला जाग येऊ लागली, ताटात अन्न उरू लागलं किंवा पोटाबद्दल तीच तक्रार पुन्हा सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, असं आमचं ठरलंय.