एकच मिरेना, पण दोघी बहिणींसाठी उत्तर वेगळं

प्रश्न: माझं वय ४६, उंची १५५ सेंमी, वजन ८६ किलो. पाळी दोन-दोन आठवडे चालते. बायोप्सीत ‘हायपरप्लेझिया विदाउट एटिपिया’ आलंय आणि डॉक्टर मिरेना बसवू म्हणतात. ती तर पाळणा लांबवायला असते ना? माझी ताई ५७ वर्षांची आहे, ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन घेते. तिच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १३ मिमी दाखवलंय, अंगावरून काही जात नाही. तिनेही बसवून घ्यावी का?

उत्तर:

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे, तुम्ही बसवून घ्या. ताईंनी मात्र नुसत्या त्या १३ मिमीवरून बसवू नये. दोघींचं अस्तर जाड असलं, तरी जाड होण्याचं कारण आणि बसवण्यातली जोखीम दोन्ही वेगवेगळी आहेत.

आधी तुमचं बघू. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. चाळिशीनंतर बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही, आणि बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. शिवाय शरीरातली चरबी स्वतः इस्ट्रोजेन बनवते. तुमच्या उंची-वजनाचा बीएमआय ३५.८ येतो, म्हणजे हा पुरवठा तुमच्याकडे भरपूर आहे. अस्तराला वाढण्याचा हुकूम रोज मिळतोय आणि थांबण्याचा मिळत नाही, म्हणून त्यातल्या ग्रंथींची गर्दी झाली. हेच हायपरप्लेझिया. ‘विदाउट एटिपिया’ म्हणजे पेशी वाढल्यात, पण त्यांचं रूप बिघडलेलं नाही. या प्रकारातून कॅन्सर होण्याची शक्यता वीस वर्षांत ५ टक्क्यांहून कमी धरली जाते. त्यामुळे कोणी ‘पिशवी काढूनच टाका’ म्हणालं, तर या रिपोर्टवर तेवढी घाई लागत नाही.

मिरेना म्हणजे ३२ मिमी लांबीची, टी आकाराची प्लॅस्टिकची छोटी चौकट. तिच्या उभ्या दांड्यावर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध आहे. सुरुवातीला त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपतं. याच औषधाच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत रोजचे १५० मायक्रोग्रॅम असतात, त्या मानाने हे अगदी थोडं. पण गोळी आधी सगळ्या शरीरात फिरते आणि मग अस्तरापर्यंत येते, तर इथे औषध अस्तराला टेकूनच सुटतं. त्यामुळे अस्तरातलं त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त राहतं. एवढ्या माऱ्यापुढे अस्तरातले इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर कमी होतात. रक्तात इस्ट्रोजेन तितकंच असलं तरी अस्तर त्याला दाद देत नाही. काही महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पूर्वीच्या दाटीच्या, वेड्यावाकड्या ग्रंथींऐवजी बारीक, चपट्या पेशींच्या, कामच नसल्यासारख्या ग्रंथी दिसतात. त्यांच्या भोवतीच्या पेशी मात्र गरोदरपणात फुगतात तशा फुगलेल्या असतात. बायोप्सीच्या फॉर्मवर ‘लेव्होनॉरजेस्ट्रेलची टी बसवली आहे’ हे लिहिलंच पाहिजे, कारण ते माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्टला हे चित्र कोड्यात टाकू शकतं.

प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्यांनी हे साधत नाही असं नाही, पण कशा घेतल्या यावर सगळं अवलंबून असतं. नॉर्वेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी ही टी बसवलेल्या सगळ्या बायकांचं अस्तर पूर्ववत झालं होतं. रोज न चुकता १० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत ते ९६ टक्के जणींचं झालं, आणि तीच गोळी महिन्यातले फक्त दहा दिवस घेणाऱ्यांत ६९ टक्के. आपल्याकडे ‘पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून दहा दिवस घ्या’ असं सर्रास लिहून दिलं जातं. पाळी नियमित करायला ते ठीक असेल, पण हायपरप्लेझियाला तो उपचार अपुरा आहे. त्याच चाचणीतली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सहा महिन्यांनी उपचार थांबवल्यावर दोन वर्षांत सुमारे ४१ टक्के जणींना हायपरप्लेझिया पुन्हा झाला. अस्तर ठीक होतं, पण इस्ट्रोजेनचा पुरवठा तसाच राहतो. म्हणून सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला तरी टी काढायची नाही, त्रास नसेल तर पाच वर्षं ठेवायची. याच औषधाच्या १३.५ आणि १९.५ मिलिग्रॅमच्या छोट्या टीही मिळतात. या कामासाठी त्या नाहीत, तेव्हा खोक्यावर ५२ मिलिग्रॅम लिहिलंय ना ते बघून घ्या. साध्या कॉपर टीचा तर इथे काहीच उपयोग नाही.

बसवायला ओपीडीतच दहा-पंधरा मिनिटं लागतात. साधारण तासभर आधी वेदनाशामक गोळी घेऊन जा, तुम्हाला चालणारी कुठली ते डॉक्टरांना विचारा. एका बारीक सळईने पिशवीची खोली मोजतात. ती ६ ते १० सेंमीमध्ये असावी लागते. मग नळीतून टी आत नेतात, पिशवीच्या वरच्या टोकाच्या दीडेक-दोन सेंमी अलीकडे थांबून तिचे हात उघडू देतात, आणि त्यानंतर अलगद त्या टोकाला टेकवतात. हात उघडण्याआधीच घाईने वर ढकललं तर टी तिरकी बसते आणि पुढे सरकण्याची शक्यता वाढते. पिशवीच्या मुखाबाहेर येणारे टीचे दोरे २-३ सेंमी ठेवून कापतात. पोकळीत पॉलिप किंवा आत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ असेल, तर ती आधी काढायला हवी. ही टी झालेला पॉलिप विरघळवत नाही, आणि गाठ जागा अडवून तिलाच बाहेर ढकलते.

पहिले तीन ते सहा महिने थोडंथोडं, अवेळी अंगावरून जाणार, हे आधीच मनात धरून चला. बहुतेक जणी ‘मला सूट होत नाही’ म्हणून टी काढून टाकतात त्या याच काळात, आणि उपचार अर्धवट राहतो. पुढे पाळी अगदी कमी होते किंवा बंद होते. ते रक्त आत कुठे साठत नसतं. अस्तरच पातळ झाल्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. काळजी वेगळ्या गोष्टींची करा. साधारण वीसात एकीची टी आपोआप सरकते किंवा पडून जाते, तीही मुख्यतः सुरुवातीच्या काळात. कमी झालेला स्राव एकदम पूर्वीसारखा भरभरून सुरू झाला, दोरा लांब वाटू लागला किंवा मुखाशी कडक प्लॅस्टिक लागलं, तर लगेच दाखवा. दोरा लागत नसेल तर टी पडलीच असं नाही, दोरा वर ओढला गेलेला असू शकतो. आधी सोनोग्राफी करतात, तीत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे. हजारात एक-दोघींत टी पिशवीच्या भिंतीतून आरपार जाते, म्हणून बसवल्यानंतर वाढत जाणारं पोटदुखणं अंगावर काढायचं नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि घाण वास येणारा स्राव असेल, तरीही तसंच.

तपासणीचा हिशोब असा. टी जानेवारीत बसली तर पहिली बायोप्सी जुलैत, दुसरी पुढच्या जानेवारीत. यासाठी टी काढावी लागत नाही. ३ मिमीची लवचीक नळी तिच्या शेजारून आत जाते. ‘सोनोग्राफीत पातळ दिसतंय, बायोप्सी कशाला’ हे इथे लागू होत नाही. जाडी आणि पेशींची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागोपाठ दोन रिपोर्ट स्वच्छ आले तर पुष्कळ जणींची नियमित तपासणी तिथे थांबते, पण तुमचा बीएमआय ३५ च्या वर असल्याने तुम्हाला दरवर्षी एक बायोप्सी करावी लागेल. वजन उतरलं तर परत उलटण्याचा धोकाही उतरतो. जुलैच्या रिपोर्टमध्ये हायपरप्लेझिया दिसला तरी टी तशीच ठेवायची. बारा महिन्यांनीही तो गेला नाही, किंवा मधेच एटिपिया आला, तर मग पिशवी काढण्याचा विचार योग्य. एटिपियाच्या वेळी सुरुवातीपासूनच सल्ला बदलतो, कारण तशा बायोप्सीनंतर काढलेल्या पिशव्यांपैकी मोठ्या भागात आधीच लपलेला कॅन्सर सापडतो. तिथे ही टी मुख्यतः मूल हवं असणाऱ्यांसाठी किंवा ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी, आणि तीही दर तीन महिन्यांच्या बायोप्सीसह.

आता ताईंचं. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरावर ते स्वतःच थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. त्यातून पॉलिप होतात, कधी हायपरप्लेझिया, आणि पाळी गेलेल्या बायकांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. तरीही एकूण आकडा लहानच राहतो, आणि स्तनाच्या बाजूने मिळणारा फायदा त्याहून पुष्कळ मोठा आहे. सोनोग्राफी इथे हमखास फसवते. टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराच्या खालच्या थरात पाण्याचे बारीक फुगे होतात आणि ते सगळं मिळून ‘१३ मिमी जाड’ म्हणून मोजलं जातं. दुर्बिणीने आत पाहिलं तर वरचं अस्तर अनेकदा पांढुरकं, कागदासारखं पातळ निघतं. म्हणूनच अंगावरून काही जात नसेल, तर टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईची उगाच दरवर्षी सोनोग्राफी करू नये अशी शिफारस आहे. त्यातून निष्पन्न होतात त्या फक्त नको असलेल्या क्युरेटिंग.

मग टी बसवून आधीच बंदोबस्त का करू नये? टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत अशा चार चाचण्या झाल्यात, मिळून पाचशेहून थोड्या अधिक बायका. त्यांत पॉलिप आणि हायपरप्लेझिया दोन्ही कमी झाले. पण अस्तराचा कॅन्सर टळतो का, हे सिद्ध व्हायला ती संख्या फार अपुरी आहे. दुसरीकडे, झिरपणाऱ्या औषधातलं थोडं रक्तात जातंच, आणि ते स्तनाच्या कॅन्सरला परत चेतवतं का याचं उत्तर अजून पक्कं नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकातही ब्रेस्ट कॅन्सर असेल तर वापरू नये असं लिहिलेलं असतं. लहानसा धोका कमी करायला त्याहून मोठ्या आजाराशी जुगार का खेळायचा? माझ्या मते ताईंच्या बाबतीत हा व्यवहार परवडणारा नाही.

त्यांनी लक्ष ठेवायचं ते स्रावावर. रक्त, गुलाबी पाणी, तपकिरी डाग, अगदी एकदाच दिसलं तरी दाखवायचं, आणि तेव्हा दुर्बिणीने बघून बायोप्सी घ्यायला सांगायचं. न बघता केलेल्या क्युरेटिंगमध्ये पॉलिप सुटून जातो. पॉलिप निघाला तर काढून तपासायचा. त्या तपासणीत हायपरप्लेझिया आला, तर पहिला प्रश्न कॅन्सरच्या डॉक्टरांना: पाळी गेलेली आहे, तर टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल चालेल का? ही औषधं अस्तर वाढवत नाहीत. हाडं मात्र ठिसूळ करतात, त्यामुळे आधी हाडांची घनता मोजून घ्यावी लागते. बदल शक्य नसेल आणि ऑपरेशनही झेपणार नसेल, तर मग टीचा विचार होऊ शकतो, तोही स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कॅन्सरचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवल्यावरच. तोवर १३ मिमीच्या भीतीने त्यांनी टॅमॉक्सिफेनची गोळी स्वतःहून बंद करू नये.