उरलेले सगळे हप्ते एकदम मागता येतात का?

प्रश्न: वकीलसाहेब, मी डिचोलीचा. जुनी मालवाहू रिक्षा हायर पर्चेसवर घेतली, ती चालवूनच पोट भरतो. कंपनीने 1,20,000 रुपये घातले. 12 टक्के व्याज, 6,200 चे 24 हप्ते. नऊ भरले, पावसात धंदा बसला आणि तीन थकले. परवा पहाटे दोघे येऊन रिक्षा घेऊन गेले, मुलाची कागदावर सही घेतली. आता उरलेले पंधराही हप्ते, म्हणजे 93,000 आणि वर दंड मागतात. काय करू?

उत्तर: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत रिक्षाची मालक कंपनीच, त्यामुळे थकबाकीवर ताबा घेण्याचा हक्क तिला करारातून मिळतो. हायर पर्चेसचा 1972 चा कायदा कधी अमलातच आला नाही, 2005 मध्ये तो रद्दही झाला. म्हणून सगळा भार करारावर. मात्र ताब्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी ही कलमे करारात असावीत, असा फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती कलमे शोधा. धाकदपटशाने गाडी नेणे सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही. म्हणूनच ‘स्वखुशीने ताबा दिला’ अशा कागदावर सही घेतात. मुलाची सही कशावर आहे, ते आधी पाहा. करार तुमचा आहे, त्याचा नव्हे.

आता हिशेब. तुमचे 12 टक्के ‘फ्लॅट’ आहेत: मुद्दल फिटत गेले तरी व्याज दोन्ही वर्षे पूर्ण 1,20,000 वर, म्हणजे 28,800. घटत्या मुद्दलावर मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. करारात तसे लिहिले असेल तर या दरावर भांडून फारसे हाती लागणार नाही. भांडायचे ते न आलेल्या महिन्यांच्या व्याजावर. थकलेले तीन हप्ते, 18,600, देणे आहेच. पुढच्या बारा हप्त्यांचे 74,400 होतात, पण त्यात मुद्दल सुमारे 66,400 च आहे. वरचे आठ हजार हे अजून न झालेले व्याज. आजच खाते मिटवायचे असेल तर तेवढी सूट मागा. आकडा 85,000 वर येतो. दंडही वेगळा दाखवायला सांगा, कारण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

रिक्षा हवी असेल तर आजच रजिस्टर्ड पोस्टाने पत्र टाका: 18,600 आणि वाजवी दंड भरायला तयार आहे, खात्याचा उतारा आणि कराराची प्रत द्या, तोवर लिलाव करू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पण लिलाव तेवढे दिवस थांबेलच असे नाही. तो जवळ आला तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्थगितीचा अर्ज करा. ‘व्यापारी वापर’ म्हणून ते हरकत घेतील. स्वतः चालवून पोट भरतो, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. ताडपत्री, वजनकाटा रिक्षात राहिला असेल तर त्याची यादीही पत्राला जोडा. ते सामान कंपनीचे नाही.