सरासरी साठ, आणि साठ कोणालाच नाहीत

"मॅडम, क्लासच्या दोन्ही चाचण्यांची सरासरी ६०च आहे. मुलगी आधी सरासरीच्या ६ गुण खाली होती, आता १२ खाली. मागे पडत चाललीय, हे उघड नाही का?"

सहामाही जवळ आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. दरवेळी गुण वेगळे असतात, पण 'उघड' हा शब्द बहुतेक तसाच असतो. माझी धारणा अशी की माणसाला आकडा घाबरवत नाही, त्या आकड्याचा त्याने घाईत लावलेला अर्थ घाबरवतो. म्हणून धीर देण्याआधी मी सगळ्यांचे गुण मागते. फक्त आपल्या मुलीचे नाहीत, सगळ्या बॅचचे.

हे गृहस्थ सातपूरला यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतात. मुलगी दहावीत. तिला आपण मीरा म्हणू. क्लासमध्ये दहाच मुलं, गुण सगळे वडिलांच्या मोबाईलवर. मी चौकटीची वही पुढे केली आणि मीराला म्हटलं, "दोन रेघा ओढ. प्रत्येक मुलासाठी एक ठिपका."

पहिल्या चाचणीचे गुण होते ५४, ५६, ५८, ५८, ६०, ६०, ६२, ६२, ६४, ६६. दुसऱ्या चाचणीचे ३६, ४०, ४२, ४४, ४८, ७२, ७६, ७८, ८०, ८४. दोन्हींची बेरीज ६००, म्हणून सरासरी ६०.

"आता प्रत्येक जण ६०पासून किती लांब आहे ते लिही, त्याचा वर्ग कर, सगळे वर्ग मिळव, दहाने भाग आणि वर्गमूळ काढ." यातून निघतं ते प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. दहावीच्या सांख्यिकीत मध्य, मध्यक, बहुलक असतात, हे नसतं. पण यात न येण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्या चाचणीच्या वर्गांची बेरीज १२०, भागून १२, वर्गमूळ साधारण ३.५. दुसऱ्या चाचणीची बेरीज ३४००, भागून ३४०, वर्गमूळ १८.४.

वडिलांनी तोवर मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये गुण भरले होते. "माझं १९.४ येतंय." त्यांनी सवयीने `STDEV.S` वापरलं होतं, ते दहाऐवजी नऊने भागतं. कारखान्यात हजारो नगांतले दहा उचलून मोजतात, तिथे नऊने भागणं बरोबर. इथे अख्खी बॅचच दहांची आहे, म्हणून `STDEV.P`. मी हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. (समुपदेशकाला एक्सेल येत असेल, असं लोकांना वाटत नाही. मला त्याची थोडी मजा येते.)

"म्हणजे व्हेरिएशन," ते म्हणाले. "पहिली चाचणी घट्ट, दुसरी सैल."

"बरोबर. आता मीराचे ६ आणि १२ या मापाने मोजा."

पहिल्या चाचणीत ६ गुण म्हणजे ३.५च्या पावणेदोन पट. दुसऱ्यात १२ गुण म्हणजे १८.४च्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडं कमी. अंतर दुप्पट झालं, पण बॅचच्या पसाऱ्यात ती सरासरीच्या जवळ आली. मीरा ठिपके मोजत होती. "पहिल्यात मी शेवटची होते," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्यात सहावी."

वडील गप्प झाले. मग कारखान्यातला माणूस जागा झाला. "पण १८ म्हणजे क्लासची प्रोसेसच बिघडली की!"

इथे मी त्यांना थांबवलं. शाफ्टचा व्यास सगळ्यांचा एकच हवा असतो, म्हणून तिथे पसारा हा दोष. मुलांचे गुण एकसारखे यावेत अशी अपेक्षाच नसते. उलट पहिल्या चाचणीचं प्रमाण विचलन इतकं लहान का, हे विचारायला हवं. मीराने पेपर दाखवले. त्यात सरावसंचातली नेहमीची उदाहरणं होती आणि शेवटी दोन-तीन इतकी अवघड, की जवळजवळ कुणालाच जमली नव्हती. सगळ्यांनी साधारण तेवढंच सोडवलं आणि तेवढंच सोडलं. अशा पेपरात पहिला आणि शेवटचा यांच्यात अंतर होतं १२ गुणांचं, म्हणजे दोन-तीन चुकांचं. तिथलं शेवटचं असणंही फारसं काही सांगत नव्हतं. त्या शेवटच्या नंबरावरून घरात महिनाभर बोलणी खाल्ली होती म्हणे.

मला वाटलं, आजचं काम झालं. मीरा मात्र अजून दुसऱ्या रेघेकडे बघत होती.

"पप्पा, पण साठ कोणालाच नाहीत."

खरंच नव्हते. ४८ आणि ७२ यांच्या मध्ये एकही ठिपका नाही, रेघ मोकळी. सरासरी जिथे होती तिथे माणूसच नव्हता. प्रमाण विचलन पसारा किती आहे ते सांगतं, तो पसारा कसा आहे ते सांगत नाही. मी हे कितीदा तरी पालकांना समजावलं असेल, पण चार शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

वेगळ्या कारणानेही असा आकडा येऊ शकतो. पहिल्याच चाचणीत अकरावा मुलगा गैरहजर असता आणि यादीत त्याच्या नावापुढे ० भरलं असतं, तर ३.५चं प्रमाण विचलन थेट साडेसतराच्या वर गेलं असतं. एका खोट्या शून्यामुळे. आकडा जवळपास तोच, गोष्ट अगदी निराळी. म्हणून लहान बॅचमध्ये आधी ठिपके काढावेत आणि मगच प्रमाण विचलनाला विचारावं. दहा मुलांत एका मुलामुळे ते कुठल्या कुठे जातं.

इथे मात्र शून्य नव्हतं, दोन गट होते. का, ते मीरालाच माहीत होतं. वरचे पाचही एका शाळेचे, खालचे पाच तिच्या शाळेचे. पेपरात ३० गुणांची शाब्दिक उदाहरणं वर्गसमीकरणांवर होती. त्या शाळेत तो धडा झाला होता, हिच्या शाळेत अजून सुरूच व्हायचा होता. मीराला त्या ३० पैकी ४ मिळाले होते.

वडिलांचा चेहरा उजळला, तेव्हा मला थोडं कडू बोलावं लागलं. सहावा नंबर म्हणजे प्रगती नव्हे. तो खालच्या गटातला पहिला नंबर आहे, आणि दोन पेपर वेगळे असल्यामुळे मीराला आधीपेक्षा जास्त येतं की कमी, हे त्यावरून ठरतच नाही. प्रमाण विचलन तिची जागा दाखवतं, ज्ञान नाही. ज्ञानाबद्दल बोलणारा आकडा एकच होता, ३० पैकी ४.

तेव्हा गणिताची दुसरी शिकवणी लावायचा बेत रद्द झाला. ठरलं ते एवढंच: धडा शाळेत होईपर्यंत रोज दोन शाब्दिक उदाहरणं, आणि त्यातही आधी फक्त समीकरण मांडायचं, सोडवायचं नाही. तिची अडचण मांडणीत होती. गणित सोडवायला लागली की ती बरोबर सोडवायची.

दिवाळीनंतर वडिलांचा मेसेज आला: सरासरी ६४, प्रमाण विचलन ८, मीरा ६१. खाली चौकटीच्या कागदाचा फोटो. दहा ठिपके, एकच पुंजका, आणि ६४च्या चौकटीत एक ठिपका. त्याला लाल पेनाने गोल केला होता आणि शेजारी मीराच्या अक्षरात लिहिलं होतं, "सापडला."