एक्स-रे आणि इंटरफिअरन्स: जोर आरपार जातो, जोर अडवलापण जातो

प्रश्न: "दादा, सोलापुरात आमच्या क्लासमधले सर एक्स-रे अटॅक, इंटरफिअरन्स असे शब्द वापरतात. दोन्ही एकच का? मराठीत काय म्हणायचं?"

एकच नाहीत, उलटेच आहेत म्हण की. मराठीत आपल्याकडे 'जोर' हा शब्द आहेच, हत्तीवर वजिराचा जोर आहे, प्यादं बिनजोर आहे, असं पार्क चौकात बसलेला कुणीपण म्हणतो. त्याच्यावरूनच दोन्ही सांगता येतात. मधे मोहरं असूनसुद्धा त्याच्या पलीकडच्या घरावर जो जोर पोचतो तो एक्स-रे, त्याला मी आरपार जोर म्हणतो. आणि समोरच्याच्या जोराच्या रेघेत मधेच मोहरं आणून ठेवलं की तो इंटरफिअरन्स, म्हणजे जोर अडवणं. 'जोर तोडणं' पण चालतं बोलताना, पण राखणदाराला मारला किंवा हाकलला तरी आपण जोर तोडलाच म्हणतो, आणि इथं तर राखणदार जागेवर जिवंत बसलेला असतो, फक्त त्याचा हात पोचत नाही. म्हणून अडवणं बरं.

आता हे पटावर लावून बघ. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर ई२, त्याच्या पुढं हत्ती ई३, प्यादी सी५, डी५, एफ२, जी२, एच३. काळ्याचा राजा जी८, हत्ती डी८, वजीर ए४, प्यादी बी७, एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची.

सगळा खेळ ई८ या घराचा आहे, कारण काळ्या राजाला पुढं तिन्ही प्यादी आपलीच, निघायला जागा नाही. ई८ वर पांढऱ्याचा हत्ती बघतोय आणि हत्तीच्या आरपार मागचा वजीरपण बघतोय, म्हणजे मारे दोन. काळ्याचे राखणदार पण दोन, डी८ चा हत्ती आणि ए४ वरून तिरका वजीर. म्हणून लगेच हत्ती ई८ केलं तर हत्ती मारतो, वजिरानं मारलं तर काळा वजीर मारतो, आणि पांढऱ्याकडं काही उरत नाही.

म्हणून आधी प्यादं सी६! ए४ ते ई८ ही तिरकी रेघ बंद. आता हत्ती ई८ शह, हत्ती मारतो, वजीर मारतो आणि मात, ही धमकी आहे. काळ्यानं बी७ च्या प्याद्यानं सी६ मारलं तर मजा बघ, अडवणारं प्यादं मेलं पण त्या जागी काळ्याचंच प्यादं येऊन बसलं, रेघ बंदच, मात होतेच. वजिरानं सी६ मारलं तर डी५ चं प्यादं वजीर खातं. हत्तीनं डी५ मारलं तर मागची ओळ उघडी, हत्ती ई८ सरळ मात.

पोरं इथंच फसतात बरं का. डी५ चं प्यादं नसतं तर सी६ फुकट गेलं असतं, कारण वजीर सी६ मारून त्याच तिरक्या रेघेवर राहतो आणि ई८ वर जोर तसाच. अडवणाऱ्यावर स्वतःचा जोर पाहिजे, नाहीतर तो शह उघडत मधे यायला पाहिजे, म्हणजे समोरच्याला त्याला खायला वेळच मिळत नाही. आणखी एक, अडवता येतो तो फक्त वजीर, हत्ती, उंटाचा जोर, घोडा उडी मारतो त्यामुळं त्याला काय अडवणार.

काळ्यानं शहाणपणानं एच६ खेळून राजाला घर केलं तर मात नाही. मग प्याद्यानं बी७ मारायचं, आणि तेव्हा लक्षात ठेव की सी६ सोडलं की वजिराची रेघ परत उघडते, पण प्यादं आता वजीर व्हायच्या एक घर अलीकडं आहे आणि काळ्याला तिकडं लक्ष ठेवावंच लागतं. वजीर बी४ वर गेला की ई८ चा राखणदार पुन्हा कमी: हत्ती ई८ शह, हत्ती मारतो, वजीर मारतो शह, राजा एच७, आणि प्यादं बी८ ला वजीर, त्याला मारलं तर ई८ चा वजीर परत मारतो.

एका मोहऱ्यानं दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथंच बसायचं, हत्तीनं मारलं तर उंटाची रेघ बंद, उंटानं मारलं तर हत्तीची, असंपण असतं. त्याला कोड्यांच्या दुनियेत नोवोत्नी म्हणतात, अँटोनिन नोवोत्नीच्या १८५४ च्या कोड्यावरून. एक्स-रे किरणच १८९५ ला सापडले, म्हणजे अडवणं हे एक्स-रे या नावापेक्षा जुनं.

सरांना विचारायचं असेल तर एवढं विचार की ते स्क्युअरलापण एक्स-रे म्हणतात का, काही जण म्हणतात. स्क्युअरमधे पुढचं मोठं मोहरं हलावंच लागतं आणि मागचं मरतं. वरच्या डावात ई३ चा हत्ती आपलाच आहे, तो काय पळत नाही, तरी वजिराचा आरपार जोर आहेच.