आस हिमालयाकडे, खंड आपल्याकडे

"साहेब, सोयाबीन 28 दिवसांचं आहे, जमीन भारी काळी. जुलैअखेर चार दिवस झड होती, वावरात पाणी साचलं. आता नऊ दिवस झाले, थेंब नाही. बातम्यांत सांगतात की मॉन्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला. म्हणजे पाऊस संपला का? दुकानदार म्हणतो एकरी एक बॅग युरिया टाका आणि टॉनिक मारा. काय करू?"
— परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी

पाऊस संपलेला नाही. युरिया टाकू नका, टॉनिकही मारू नका. कोळपं काढा. आता कारण सांगतो, म्हणजे पुढच्या खंडात दुकानदाराला विचारायची वेळ येणार नाही.

आस म्हणजे राजस्थानच्या तापलेल्या वाळवंटापासून बंगालच्या उपसागरापर्यंत आडवा पसरलेला कमी दाबाचा पट्टा. नेहमीच्या जागी तो गंगानगरकडून निघतो आणि दिल्ली, प्रयागराजच्या आसपासच्या भागावरून कोलकात्याजवळ उपसागरात उतरतो. त्याच्या दक्षिणेला पश्चिमेकडून येणारे ओले वारे असतात, उत्तरेला पूर्वेकडून येणारे. दोन्ही जिथे भेटतात तिथे हवा वर चढते आणि पाऊस होतो. आणखी एक गोष्ट आहे, ती बातम्यांत कोणी सांगत नाही. हा पट्टा जमिनीवर जिथे दिसतो तिथेच सरळ वर जात नाही, उंचीवर तो दक्षिणेकडे कलतो. म्हणून जोराचा पाऊस नकाशावरच्या रेषेवर न पडता तिच्या दक्षिणेला पडतो. आस थोडा खाली आला तरी विदर्भ-मराठवाडा पावसात का सापडतो, ते यावरून कळेल.

त्याला खाली ओढतं कोण? बहुतेक वेळा उपसागराच्या उत्तर टोकाला तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र. ते आसाचं पूर्वेचं टोक ओडिशाकडे खेचतं आणि मग आसाच्या वाटेनेच छत्तीसगड, मध्य प्रदेश, कधी विदर्भावरून पश्चिम-वायव्येकडे जातं. त्याचा सगळ्यात मोठा पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. केंद्र मध्य प्रदेशावर असेल तर आपण नेमके तिथे येतो. जुलैअखेरची तुमची झड बहुधा अशीच आली.

अशी क्षेत्रं तयार होणं थांबलं की आस मोकळा सुटतो आणि उत्तरेला सरकून हिमालयाला टेकतो. हाच खंड. अशा वेळी पाऊस जागा बदलतो. हिमाचल, उत्तराखंड, उत्तर बिहार, आसाम झोडपून निघतात, तमिळनाडूतही पाऊस वाढतो, आणि मधला सगळा पट्टा कोरडा राहतो. आपल्याकडे दुपारनंतर एखादी गडगडाटी सर येते, पण ती एका शिवारात पडते आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. तिच्या भरवशावर खत टाकू नका.

हे आलटून पालटून होतं त्यामागे समुद्र आहे. विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर ढगांचा मोठा पट्टा उभा राहतो तेव्हा तिथे चढलेली हवा मध्य भारतावर खाली उतरते आणि इथले ढग दाबून टाकते. पुढे तोच ढगांचा पट्टा हळूहळू उत्तरेला येतो, साधारण दिवसाला एक अक्षांश. तुमचं गाव 19 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे वाट अडीच-तीन आठवड्यांची. ही फेरी 30 ते 60 दिवसांची असते. तिच्यावर 10 ते 20 दिवसांची दुसरी, लहान फेरी बसलेली असते, म्हणून बरेच खंड आठवड्याभरात मोडतात. पण सगळे मोडत नाहीत.

2023 आठवा. देशात जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त झाला. ऑगस्टमध्ये आस हिमालयाला जाऊन चिकटला. महिन्याच्या मध्याला हिमाचलात दरडी कोसळत होत्या आणि आपल्याकडे भेगा पडत होत्या. त्या ऑगस्टचा पाऊस 36 टक्के कमी, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं पुन्हा तयार झाली आणि पाऊस परत 13 टक्के जास्त. मी त्या ऑगस्टमध्ये ज्या शेतांवर गेलो, तिथे जास्त नुकसान घाईने टाकलेल्या खताचं आणि फवारणीचं दिसलं. बिना खताचं सोयाबीन कोमेजलं, पण तगलं.

आता युरिया. कोरड्या जमिनीवर टाकलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडतो, आणि मग झड आली की उरलेला वाहून जातो. दोन्हीकडून पैसे दुकानात. त्यात तुमचं पीक सोयाबीन. एक रोप मुळासकट उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर नत्र रोप स्वतःच मिळवतंय. पानं पिवळी पडली असतील आणि तो पिवळेपणा झडीत साचलेल्या पाण्याचा असेल, तर चर काढून पाणी काढणं हाच उपाय, तिथे बॅगेचं काम नाही. कपाशीला युरिया लागतो, पण तोही वाफशावरच द्या. खंडात देऊ नका आणि झडीच्या तोंडावरही देऊ नका.

टॉनिकचंही तेच. कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात ढवळून दुपारी मारलेली सोयाबीनची पानं मी दरवर्षी करपलेली बघतो. खंड लांबलाच तर 13:0:45 हे विद्राव्य खत एकटंच मारा, 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. दुकानदार 250 ग्रॅम सांगेल. 100 म्हणजे 100. त्यात दुसरं काहीही मिसळू नका.

पीक 28 दिवसांचं आहे, म्हणजे कोळपं अजून चालवता येतं. आठवड्याभरात फुलं दिसतील, त्यानंतर कोळपं घालू नका, मुळं तुटतात आणि फूल गळतं. आत्ता घातलेल्या कोळप्याने भेगा बुजतात आणि वरचा भुसभुशीत थर खालची ओल धरून ठेवतो. त्याच फेरीत कोळप्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळा आणि दर चार ओळींनंतर एक सरी पाडा. पुढच्या झडीत जादा पाणी त्या सरीतून निघून जाईल आणि हलका पाऊस तिथेच मुरेल. पुढच्या वर्षी पेरणीच रुंद वरंबा सरीवर करा, हे मी सांगून सांगून थकलो आहे. शेततळ्याचं अनुदान हवं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, बाकी सहायक कृषी अधिकारी सांगतील.

हवामान खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये पहिली नजर आसावर टाका. 'हिमालयाच्या पायथ्याशी' असेल तर फवारणी, निंदणी, कोळपणी उरकून घ्या. 'पूर्वेचं टोक दक्षिणेला' आणि सोबत 'उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' असं आलं, तर तीन-चार दिवसांत पाऊस येण्याची शक्यता वाढली असं समजा आणि चर मोकळे करा. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाजही निघतो. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे दोन नुसते वाचून सोडून द्या. आणि तो अंदाज विभागाचा असतो, तुमच्या गट नंबरचा नाही. गावच्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडला हे वहीत लिहायला लागा, आजपासूनच.